बासरहून रात्री निघताना: ॲपची जवळची वाट की लांबचा हमरस्ता?

गोदावरीच्या काठी वसलेल्या बासर येथील ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात लहान मुलांचा अक्षराभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून वर्षभर कुटुंबे येत असतात. गोव्यातूनही काही कुटुंबे स्वतःची मोटार घेऊन बेळगाव, सोलापूर, लातूर, नांदेड असा प्रवास करीत तेथे जातात. दर्शन, विधी, प्रसाद आणि मुलांचे खाणेपिणे आटोपेपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. रात्रीचा मुक्काम नांदेडला ठरलेला असतो. मग वाहनतळावरच कोणीतरी मोबाईल काढून नकाशाच्या ॲपला मार्ग विचारतो आणि ॲप दोन मार्ग समोर ठेवते. एक लांबचा, पण महामार्गावरून जाणारा. दुसरा बराच आखूड, गावागावांतून जाणारा आणि 'अर्धा तास लवकर' पोहोचवू म्हणणारा. या दोहोंतून निवड कशी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. निवड करायची ती वाहनतळावरच. अंधारात, शेताच्या बांधाशी गाडी उभी करून ती नीट होत नाही.

आरंभी एक लहानशी, पण आवश्यक सूचना. बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ मधील जिल्हा पुनर्रचनेनंतर ते निर्मल जिल्ह्यात आले. जुन्या पुस्तकांत आणि अनेक संकेतस्थळांवर अद्याप आदिलाबाद असेच लिहिलेले आढळते. शिवाय अरुणाचल प्रदेशातही बासर नावाचे एक गाव आहे. त्यामुळे ॲपमध्ये नुसते 'बासर' न लिहिता जिल्ह्याचे किंवा मंदिराचे नाव जोडावे.

दोन्ही वाटांचा भूगोल

बासर आणि नांदेड ही दोन्ही ठिकाणे प्रामुख्याने गोदावरीच्या उत्तर तीरावर आहेत. त्यामुळे नांदेडला जाण्यासाठी गोदावरी ओलांडावी लागत नाही. लांबचा मार्ग बासरहून मुधोळ, तेथून भैंसा आणि मग राष्ट्रीय महामार्ग ६१ धरून भोकरमार्गे नांदेड असा आहे. नकाशावर पाहिल्यास तो आधी उत्तरेकडे चढतो आणि मग पश्चिमेला वळतो, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू चालतो. ॲपला मोह होतो तो तिसऱ्या बाजूचा. बासर, मुधोळ, तानूर या भागांतून तिरकस निघायचे, कोठेतरी राज्याची सीमा ओलांडायची आणि धर्माबाद, उमरी किंवा भोकर तालुक्यांतील गावांतून पलीकडे निघायचे. बासरहून धर्माबाद, उमरी, मुदखेड असा रेल्वेमार्गाच्या सोबतीने जाणारा मधला पर्यायही आहे. तोही तपासून पाहण्याजोगा आहे. मात्र त्याला 'जवळची वाट' समजून घोटाळा करू नये. येथे प्रश्न आहे तो गावांना गावांशी जोडणाऱ्या लहान रस्त्यांचा.

या पट्ट्याची जमीन काळी आहे. धर्माबादची मिरची, कापूस आणि सोयाबीन ही याच जमिनीची पिके. काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि खडकासारखी कठीण होते. दोन सरी पडल्या की तीच माती चाकांना चिकटून गोळे बांधते. टायरच्या नक्षीत माती भरली की चाक फिरते, पण गाडी पुढे सरकत नाही. गोव्यातील लाल, जांभ्या मातीच्या रस्त्यांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना हा फरक चटकन ध्यानात येत नाही. जांभ्याच्या रस्त्यावर पाऊस थांबल्यावर पाणी लवकर निचरते आणि खाली कठीण थर लागतो. काळ्या जमिनीत पाऊस थांबून एक दिवस झाला तरी रस्ता वाळलेला नसतो, आणि वरचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी आत चिखल असतो.

मराठवाड्यात शेतातून जाणाऱ्या अशा वाटेला 'पांदण' म्हणतात. पांदण ही बैलगाडीसाठी आणि आता ट्रॅक्टरसाठी असलेली वाट. दोन्ही बाजूंना बांध किंवा काटेरी कुंपण, मधोमध चाकोऱ्या. चाकोऱ्यांमधला उंचवटा ट्रॅक्टरखालून सहज जातो. लहान मोटारीचा तळ मात्र त्यावर घासतो. उपग्रहाच्या छायाचित्रात ही पांदण फिकट, सलग रेषेसारखी दिसते आणि नकाशात तीच रेषा 'रस्ता' म्हणून उतरते.

सीमाभागात याला आणखी एक पदर असतो. दोन्ही राज्यांच्या यंत्रणा आपापल्या शेवटच्या गावापर्यंत डांबर नेतात. दोन शेवटच्या गावांमधला दोन-चार किलोमीटरचा तुकडा बहुधा कोणाच्याच आराखड्यात नसतो. दोडामार्ग किंवा खानापूरकडच्या आडवाटांनी फिरलेल्या गोमंतकीय वाचकांना हा अनुभव नवा नसेल. त्यामुळे जवळच्या वाटेचे पहिले दहा किलोमीटर चांगले लागले याचा अर्थ पुढची वाट चांगली आहे असा होत नाही. वाईट तुकडा बरोबर मध्यावर, परत फिरणे नकोसे वाटेल अशा ठिकाणी असतो.

ॲप वेळ काढते कशी

ॲपच्या दृष्टीने रस्त्यांचे जाळे म्हणजे तुकड्यांची एक साखळी. प्रत्येक तुकड्याला लांबी आहे आणि अंदाजित वेग आहे. लांबीला वेगाने भागले की वेळ मिळते, आणि ज्या साखळीची एकूण वेळ सर्वांत कमी तो मार्ग वर दाखवला जातो. मोठ्या रस्त्यांवर हजारो मोबाईल फिरत असतात. त्यांच्या हालचालींवरून तेथील वेग बराच अचूक कळतो. पांदणीवर रात्री नऊनंतर एकही मोबाईल फिरत नसेल, तर वेग अनुमानानेच धरावा लागतो. दिवसा जे मोबाईल त्या वाटेवरून जातात तेही बहुतेक दुचाकीस्वारांचे असतात, आणि जिथून दुचाकी तीसच्या वेगाने निघून जाते तिथे मोटारीला दहाचा वेगही जड जातो.

रंगांबाबतही एक गैरसमज आहे. वाहतूक दाखवणाऱ्या थरात हिरवा रंग म्हणजे रस्ता मोकळा, लाल म्हणजे कोंडी, हे सर्वांना ठाऊक असते. पण ज्या रस्त्याला कोणताच रंग नाही त्याचा अर्थ 'मोकळा' असा नसतो. त्या रस्त्याची पुरेशी माहितीच नाही, एवढाच असतो. महामार्ग हिरवा-नारिंगी आणि जवळची वाट पूर्ण राखाडी दिसली, तर तिच्या नावापुढे लिहिलेल्या मिनिटांवर तितकाच विश्वास ठेवावा.

काही वेळा दोष ॲपच्या अनुमानाचा नसून आपल्याच मोबाईलमधील जुन्या निवडीचा असतो. गुगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय भारतात २०१७ च्या अखेरीपासून आहे आणि तो मोटारींना अयोग्य असे आखूड मार्गही सुचवतो. गावात स्कूटरवर फिरताना तो निवडलेला असेल आणि मोटारीत बसल्यावर बदलला नसेल, तर ॲप मोटारीला स्कूटरच्या वाटेने नेते. तसेच मार्गाच्या पर्यायांत Avoid highways ही खूण कधीतरी केलेली राहून जाते. मग भैंशाचा महामार्ग यादीत दिसतच नाही आणि आपण समजतो की गावातला रस्ता हाच एकमेव मार्ग आहे. टोल टाळण्यासाठी Avoid tolls खूण करणाऱ्यांनीही परिणाम एकदा पाहून घ्यावा.

कच्चे रस्ते टाळण्याची स्वतंत्र सोय वेझ, ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स या ॲपमध्ये आहे. त्यांपैकी शेवटची दोन ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतात. त्या नकाशात रस्त्याच्या नोंदीत पृष्ठभाग लिहिण्याची पद्धत आहे. कच्च्या रस्त्यापुढे `surface=unpaved` अशी नोंद असते. अडचण एवढीच की ही नोंद स्वयंसेवक करतात आणि ग्रामीण भागातील असंख्य रस्त्यांपुढे ती केलेलीच नसते. नोंद नसलेला रस्ता कच्चा असूनही ॲप त्याला टाळत नाही. तरीही दुसऱ्या नकाशाकडे एकदा पाहण्याचा लाभ असतो: दोन वेगळे नकाशे एकाच मार्गाबाबत असहमत असतील तर तिथे काहीतरी संशयास्पद आहे, हे तरी कळते.

आकडेमोड: एक उदाहरण

आता प्रत्यक्ष तुलना करू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपल्या प्रवासाचे आकडे आपल्या पडद्यावरून घ्यावेत. समजा, ॲपने महामार्गाचा मार्ग १२० किलोमीटर आणि १६० मिनिटे दाखवला. जवळची वाट ९० किलोमीटर आणि १३० मिनिटे. म्हणजे बचत ३० मिनिटांची.

पहिले काम म्हणजे जवळच्या वाटेतील कच्चा भाग किती हे शोधणे. उपग्रहाचा थर लावून मार्गाची रेषा बोटाने मोठी करीत जावे. डांबरी रस्ता करडा आणि सारख्या रुंदीचा दिसतो, त्याला कडा असतात. कच्ची वाट मातीच्या रंगाची असते, कधी रुंद कधी चिंचोळी होते आणि शेतांच्या बांधांना धरून काटकोनात वळते. केवळ अशा काटकोनी वळणांची माळ दिसली तरी सावध व्हावे. सरकारने आखलेला रस्ता सहसा तसे वळत नाही. समजा, असा भाग २२ किलोमीटर निघाला.

दुसरे काम: ॲपने या २२ किलोमीटरना किती वेळ धरला आहे हे पाहणे. त्यासाठी कच्च्या भागाच्या एका टोकाला आरंभ आणि दुसऱ्या टोकाला शेवट ठेवून स्वतंत्र मार्ग विचारावा. समजा, उत्तर आले ३३ मिनिटे. याचा अर्थ ॲपने तेथे ताशी ४० किलोमीटरचा वेग गृहीत धरला आहे. रात्री, अनोळखी पांदणीवर, घरच्या माणसांनी भरलेल्या मोटारीत ताशी ४० चा सरासरी वेग मिळत नाही.

तिसरे काम सर्वांत उपयोगी. किती वेग मिळाला तर बचत शून्य होईल, हे काढावे. ॲपने धरलेल्या ३३ मिनिटांत वाचणारी ३० मिनिटे मिळवली की ६३ मिनिटे होतात. म्हणजे २२ किलोमीटरना ६३ मिनिटांहून अधिक लागले की जवळची वाट लांबच्या वाटेपेक्षा उशिरा पोहोचवते. ६३ मिनिटांत २२ किलोमीटर म्हणजे ताशी २१ किलोमीटर. आता प्रश्न अगदी साधा झाला: या रस्त्यावर रात्री सरासरी एकवीसचा वेग मिळेल का? खड्डा आला की पहिला गिअर, समोरून ट्रॅक्टर आला की बाजूला थांबणे, फाट्यावर उतरून पाहणे हे सर्व धरले तर सरासरी पंधराच्या आसपास येते. त्या वेगाने २२ किलोमीटरना ८८ मिनिटे लागतात. म्हणजे 'जवळची' वाट १८५ मिनिटांची झाली, महामार्गापेक्षा २५ मिनिटे अधिक.

हे सर्व काही बिघडले नाही तर. बिघडले तर काय, तेही याच आकड्यांत दिसते. कच्च्या भागात दहा किलोमीटर आत गेल्यावर ओढ्याला पाणी आढळले, तर दहा किलोमीटर जाण्यात ४० मिनिटे गेलेली असतात आणि परत येण्यात आणखी ४० जातात. शिवाय त्यानंतर महामार्गाचा पूर्ण प्रवास उरतोच. महामार्गावरचे नेहमीचे विघ्न म्हणजे मालमोटारींची रांग किंवा रस्त्याचे काम, आणि ते सहसा वीस-तीस मिनिटांत सुटते. वाचण्याची मर्यादा अर्ध्या तासाची आणि गमावण्याला मर्यादाच नाही, असा हा सौदा आहे.

अंधारात दृष्टी किती पोहोचते

मोटारीच्या खाली झुकवलेल्या दिव्यांत साधारण ५० मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. दिवे कसे जुळवले आहेत आणि काच किती स्वच्छ आहे यानुसार हे अंतर कमीजास्त होते. थकलेल्या चालकाला अडथळा ओळखून ब्रेकवर पाय ठेवण्यास दोन सेकंद लागतात असे धरू. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी ३३ मीटर जाते. सुट्या मुरमावर त्यानंतर थांबायला आणखी सुमारे ४० मीटर लागतात. एकूण ७३. म्हणजे जे दिसल्यावर थांबायचे, त्याच्यावर गाडी आधीच गेलेली असते. ताशी ४० ला हेच अंतर सुमारे ४० मीटर भरते, म्हणजे जेमतेम. ताशी ३० ला २७ मीटर. कच्च्या वाटेवर रात्री तीसच्या वर जाऊ नये हा उपदेश नाही, भौतिकशास्त्र आहे. पूर्ण प्रखर दिव्यांत दूरचे दिसते हे खरे, पण पुढच्या उतारावरचा खड्डा किंवा सपाट पसरलेले पाणी प्रखर दिव्यांतही उमगत नाही. पाण्याचा पृष्ठभाग ओल्या डांबरासारखाच चमकतो.

अकोल्याची दुर्घटना याच गोष्टीची आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईला निघालेल्या तिघांनी मध्यरात्रीनंतर ॲपने दाखवलेला जवळचा रस्ता धरला. तो कोतूलहून अकोल्याकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावरील पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. स्थानिकांना हे ठाऊक होते. वर्षातले काही महिने हा पूल पाण्याखाली असतो म्हणून ते तिकडे फिरकत नसत. नकाशाला ते ठाऊक नव्हते आणि रस्त्यावर इशारा देणारा फलकही नव्हता. अंधारात मोटार थेट पाण्यात उतरली. दोघे बाहेर पडू शकले, गाडी चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. लक्षात घ्यावे की हा महिना जानेवारीचा होता, पावसाचा नव्हे. पाणी आकाशातून आलेले नव्हते, धरणाचे होते.

बासरच्या परिसराला ही गोष्ट जशीच्या तशी लागू पडते. खाली पोचंपाड येथील श्रीराम सागर धरण आहे आणि ते भरले की त्याचा फुगवटा बासरपर्यंत येतो. वर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि त्यानंतर ते बंद करून पाणी अडवले जाते. कंदकुर्ती येथे मांजरा गोदावरीला मिळते. तेथील आंतरराज्य पुलाला मोठ्या पुरात पाणी लागते आणि वाहतूक थांबते. भैंशाजवळ गड्डेण्णा वागू आहे. 'वागू' म्हणजे तेलुगूत ओढा. नकाशावर गावाशेजारी हा शब्द दिसला की तेथे पाणी आडवे जाते हे ओळखावे. नवरात्रात बासरला मोठी गर्दी असते आणि नेमक्या त्याच सुमारास जलाशयही भरलेला असण्याचा संभव असतो. उपग्रहाचे छायाचित्र मात्र बहुधा उन्हाळ्यातील निरभ्र दिवसाचे असते. त्यात ओढ्याचे पात्र कोरडे आणि वाट त्यातून सरळ पलीकडे गेलेली दिसते. गुगल अर्थच्या संगणकीय आवृत्तीत छायाचित्राची तारीख खाली लिहिलेली असते. ती फेब्रुवारी-मार्चची असेल तर पाण्याबाबत त्या चित्राचे काही ऐकू नये.

अशा ओढ्यांवर उंच पूल नसतात. असतो तो जमिनीच्या पातळीला टेकलेला, खाली नळ टाकलेला फरशीचा पूल. गोव्यातील साकवाशी त्याची गल्लत करू नये. साकव पाण्यावरून जातो, फरशी पाणी अंगावरून जाऊ देण्यासाठीच बांधलेली असते. वाहत्या पाण्याची उंची ३० सेंटिमीटर असली तरी लहान मोटार तरंगून वाहू लागू शकते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक मोटारी जातात. पाण्याखालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे हे वरून कळत नाही. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये पुराने तुटलेल्या पुलावर नकाशाच्या भरवशावर गेलेली मोटार नदीत कोसळून तिघे दगावले; तेथे तर पाणीही आडवे नव्हते, पुलाचा पुढचा भागच नव्हता.

विचारायचे कोणाला आणि काय

मुधोळ, भैंसा, तानूर या भागांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे भाषेची अडचण नाही. अडचण आहे ती प्रश्नाची. 'या रस्त्याने गाडी जाते का?' असे विचारले की उत्तर येते, 'जाते की.' सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या मनातली गाडी म्हणजे ट्रॅक्टर, बैलगाडी किंवा मोटारसायकल असते. त्याऐवजी विचारावे: 'या रस्त्याने एस.टी. किंवा शाळेची बस येते का?' बस येत असेल तर रस्ता रुंद आहे, वळणे मोठी आहेत आणि फरशी धड आहे. त्यानंतर: 'पलीकडच्या गावापर्यंत बस जाते की इथूनच परत फिरते?' सीमेवरचा तुटका तुकडा या एका प्रश्नात पकडला जातो. शेवटी: 'परवाच्या पावसानंतर चारचाकी गेलेली पाहिली का?' मंदिराजवळचे भाड्याच्या मोटारींचे चालक, पेट्रोलपंपावरील माणसे आणि दूध गोळा करणाऱ्या गाड्यांचे चालक यांच्याकडून याची नेमकी उत्तरे मिळतात. ते स्वतः रात्री भैंशावरून जात असतील तर अधिक काही विचारायला नको.

एक उलटा प्रसंगही ध्यानात ठेवावा. ॲप एरवी महामार्ग दाखवते आणि आज अचानक गावाची वाट वर दाखवू लागले, तर कदाचित महामार्गावरच काहीतरी बंद आहे. अशा वेळी महामार्गाची रेषा मोठी करून बंदची खूण शोधावी आणि तीच माहिती पंपावर पडताळून घ्यावी. मार्ग खरोखरच बंद असेल तर मुक्काम बासरलाच करावा किंवा रेल्वेने जावे. बासरला रेल्वे स्थानक आहे आणि मार्ग थेट नांदेडला जातो, हे मोटारीने आलेल्यांच्या स्मरणातून निसटते.

महामार्ग निवडल्यानंतर

महामार्ग निवडला तरी ॲप आपला हेका सोडत नाही. वाटेत ते पुन्हा एखादा वेगवान मार्ग सुचवते, आणि चुकून एखादे वळण हुकले की नव्याने हिशेब करून सरळ पांदणीत वळवते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे नुसते नांदेड न टाकता भैंसा आणि भोकर हे दोन मधले थांबे घालणे. मग ॲपला त्या दोन ठिकाणांना स्पर्श करावाच लागतो. थांब्याची खूण गावाच्या मध्यावर न ठेवता महामार्गावरील एखाद्या पेट्रोलपंपावर ठेवावी, अन्यथा ते बाजारपेठेत नेते. मार्गावरील नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण सीमेवर मोबाईलचे जाळे कधी एका राज्याचे पकडते, कधी दुसऱ्याचे आणि कधी कोणाचेच नाही.

महामार्ग म्हणजे निर्धास्त प्रवास असेही नव्हे. ऊस आणि कापसाच्या हंगामात मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. समोरच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपलेले असताना त्या शेवटच्या क्षणी दिसतात. सपाट, सरळ रस्त्यावर झोपेचा अंमलही अधिक चढतो. भैंसा किंवा भोकरला दहा मिनिटे थांबून चहा घेतला तरी वर काढलेल्या हिशेबात मोठा फरक पडत नाही.

जवळची वाट कधीच घेऊ नये असे मात्र म्हणता येणार नाही. ती पूर्ण डांबरी असल्याचे त्याच दिवशी उजेडात पाहिले असेल, पाऊस नसेल, वाटेत बस धावत असेल आणि कच्चा भाग एक-दोन किलोमीटरच असेल, तर तिच्यात वावगे काही नाही. ग्रामसडक योजनेतील रस्ता साधारण पावणेचार मीटर, काही ठिकाणी तीनच मीटर रुंद असतो, म्हणजे समोरून वाहन आल्यास एकाला कडेला उतरावे लागते. काळ्या जमिनीत ओल्या कडेवर उतरलेले चाक पुन्हा वर येईलच असे नाही, हे गृहीत धरूनच ती वाट घ्यावी.

आणि तरीही फसगत झालीच तर? डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याकडे येणारे एक कुटुंब ॲपच्या मागे जात खानापूरजवळ भीमगडच्या जंगलात शिरले. मोबाईलला जाळे नाही, परतीची वाट कळेना. रात्र त्यांनी गाडीतच काढली, सकाळी काही किलोमीटर चालत जाऊन जाळे मिळवले आणि ११२ वर संपर्क साधला. मग पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. रात्री जंगलात न भटकता गाडीत थांबण्याचा त्यांचा निर्णय योग्य होता. बासरच्या सीमेवर ११२ लावल्यास हाक शेजारच्या राज्याच्या कक्षातही जाऊ शकते. म्हणून बोलताना आधी राज्य, जिल्हा आणि मागे सोडलेल्या शेवटच्या गावाचे नाव सांगावे, आणि ते सांगता यावे यासाठी कच्ची वाट सुरू होताना गावाची पाटी वाचून घरच्या कोणालातरी संदेश धाडून ठेवावा.